निवेदकावर भरवसा नाही, इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे काय?

‘या कथेतला निवेदक अविश्वसनीय आहे.’ साहित्यावरचे निबंध तपासायला बसलं की हे वाक्य इतक्यांदा समोर येतं की नजर त्यावरून आपोआप घसरते. वाक्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की त्याला ‘नाही’ म्हणणारा कुणी भेटत नाही. कथा अर्धीच वाचून वर्गात आलेला मुलगाही ते लगेच मान्य करतो. जे सगळ्यांना आधीच मान्य आहे ते पटवून द्यायला आठ पानं कशाला खर्ची घालायची?

इंग्रजीच्या वर्गात याला थीसिस स्टेटमेंट म्हणतात, मराठी विभागात मध्यवर्ती विधान म्हणतात. मी इथे सरळ ‘दावा’ म्हणणार आहे. जे एक-दोन वाक्यांचं म्हणणं पटवण्यासाठी तुमचा सगळा निबंध उभा असतो, तो दावा. तो वादाला खुला आहे की नाही हे कसं ओळखायचं? तीच कथा तुमच्याइतक्याच बारकाईने वाचलेल्या माणसाला, त्याच कथेतल्या ओळींवर बोट ठेवून, ‘मला नाही पटत’ असं म्हणता आलं पाहिजे. नुसतं नाक मुरडणं पुरेसं नाही, त्याच्याकडे पुरावा हवा. आणि तरीही तुमचा पुरावा त्याच्यापेक्षा जड भरायला हवा.

कुठल्याही कथेवर लिहिताना हे अवघडच असतं, पण निवेदक अविश्वसनीय असला की आणखी एक पेच पडतो. कथेतलं सगळं आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं एकदा ठरवलं, तर मग पुरावा म्हणून दाखवणार काय? या पेचातून बाहेर पडायची वाट सापडली की दावा जवळजवळ तयार झालेला असतो, असं माझं मत आहे. ती वाट एका कथेच्या आधाराने दाखवते.

कथा आणि पहिले दोन कच्चे दावे

एडगर अॅलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ १८४३ साली प्रसिद्ध झाली. चार-पाच पानांची कथा, निवेदक ‘मी’. सुरुवातीलाच तो आपल्याला बजावतो की आपण अस्वस्थ आहोत, फार अस्वस्थ आहोत, पण वेडे नाही. आजाराने आपली ज्ञानेंद्रियं उलट जास्त तीक्ष्ण झाली आहेत, विशेषतः कान. स्वर्गातलं आणि पृथ्वीवरचं सगळं आपल्याला ऐकू येतं, नरकातलंही बरंच. मग तो सांगतो की ज्याच्यासोबत आपण राहतो त्या म्हाताऱ्यावर आपलं प्रेम होतं, त्याने आपलं कधी काही वाकडं केलं नाही, त्याच्या पैशावरही आपला डोळा नव्हता. फक्त त्याचा एक डोळा गिधाडासारखा होता, फिकट निळा, वर पडदा आलेला. त्या डोळ्यासाठी त्याला मारायचं ठरलं.

सात रात्री निवेदक मध्यरात्री त्याच्या खोलीत डोकावतो, पण डोळा मिटलेला असतो. आठव्या रात्री कंदिलाच्या पत्र्याच्या खिटीवरून अंगठा निसटतो, म्हातारा दचकून उठतो आणि तासभर दोघंही अंधारात स्तब्ध. मग खून, प्रेताचे तुकडे, जमिनीच्या तीन फळ्या काढून खाली लपवणं. पहाटे चारला तीन पोलिस दारात. शेजाऱ्याने किंकाळी ऐकलेली असते. निवेदक त्यांना घर दाखवतो, प्रेत पुरलेल्या जागेवरच खुर्ची टाकून गप्पा मारतो, आणि हळूहळू त्याला ठोके ऐकू यायला लागतात. शेवटी तो ओरडून गुन्हा कबूल करतो आणि फळ्या उचकटायला सांगतो.

बदलापूरहून कलिन्याला एम.ए.च्या वर्गांना येणाऱ्या एका मुलीला या कथेवर निबंध लिहायचा होता. तिचा पहिला दावा असा: ‘कथेतला निवेदक मनोरुग्ण असल्यामुळे अविश्वसनीय आहे आणि त्यातून लेखक अपराधी मनाचं चित्रण करतो.’

हा दावा दोन ठिकाणी अडतो. ‘मनोरुग्ण’ म्हटलं की चर्चा कथेतून उठून दवाखान्यात जाते. रोगाचं नाव द्यायला लागणारी माहिती कथेत नाही, आणि ती असती तरी ‘म्हणून तो असं बोलतो’ एवढंच हाती लागतं. तो नेमकं काय चुकीचं सांगतो, कुठे आणि कशाबद्दल, हे तसंच राहतं. दुसरं, ‘अपराधी मनाचं चित्रण’ हे शब्द कथेचं नाव पुसून दुसऱ्या कुठल्याही खुनाच्या कथेला लावून बघा. चपखल बसतात. दुसऱ्याच्या अंगावर इतका सहज बसणारा दावा या कथेचा नाही.

पुढच्या आठवड्यात ती एकदम दुसऱ्या टोकाला गेली. ‘खून झालाच नाही. म्हातारा, पोलिस, सगळं निवेदकाच्या डोक्यात आहे.’

“मॅडम, आता तर वाद होईल ना?”

“होईल. पण तू जिंकणार कशाच्या जोरावर? कुठली ओळ दाखवशील?”

ती थोडा वेळ पानं उलटत राहिली. “ओळ तर त्याचीच दाखवावी लागेल.”

“आणि त्याचं काहीच खरं नाही म्हणतेस.”

वाद घालता येतो म्हणून दावा चांगला होत नाही. सगळंच खोटं ठरवलं की आपण बसलो आहोत तीच फांदी आपण कापतो. कथेतला एकही तपशील मग वापरता येत नाही, आणि समोरच्यालाही तुम्हाला खोडून काढता येत नाही. खोडताच न येणारा दावा दिसायला भक्कम वाटतो, पण निबंधासाठी तो निकामी.

कुठे खरा, कुठे खोटा

इथे मला फोर्टमधल्या सत्र न्यायालयाची आठवण होते. साक्षीदाराची एक गोष्ट खोटी निघाली म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून द्यायची, हा नियम भारतीय न्यायालयं बंधनकारक मानत नाहीत. दाणे आणि फोलपटं वेगळी करायची, असं निकालांमधून पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आहे. निवेदकाच्या बाबतीतही हेच करायचं असतं. ‘विश्वास ठेवायचा की नाही’ हा प्रश्न सोडून द्यायचा आणि ‘कुठल्या बाबतीत ठेवायचा, कुठल्या बाबतीत नाही’ असं विचारायचं.

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली. एकूण कथेतून जो लेखक आपल्याला जाणवतो, त्याच्या मूल्यांशी निवेदकाचं बोलणं जुळत नसेल तर तो अविश्वसनीय, अशी त्यांची ढोबळ व्याख्या. पुढच्या अभ्यासकांनी यातले प्रकार वेगळे केले, आणि निबंध लिहिणाऱ्याला खरा उपयोग त्या वेगळेपणाचा होतो. निवेदक घडलेली गोष्टच चुकीची सांगू शकतो. किंवा गोष्ट बरोबर सांगतो पण तिचा अर्थ चुकीचा लावतो. किंवा गोष्ट बरोबर, अर्थही बरोबर, पण त्यावरचा त्याचा न्यायनिवाडा आपल्याला मान्य होत नाही.

समजा गिरगावातल्या चाळीतली एक निवेदिका आहे. ‘मी कुणाच्या भानगडीत पडत नाही’ असं म्हणून ती समोरच्या खोलीतली सून रात्री किती वाजता येते, कुणाच्या स्कूटरवरून उतरते, हे मिनिटांच्या हिशेबाने सांगते. वेळा खऱ्या असतील, स्कूटरही खरी. पण ‘भानगडीत पडत नाही’ खोटं, आणि सुनेबद्दलचा निष्कर्ष तर मुळीच धरायचा नाही. अशा बाईला नुसतं ‘अविश्वसनीय’ म्हटलं तर तिच्या वेळाही वाया जातात आणि तिचा स्वभावही निसटतो.

पोच्या निवेदकावर हे लावून बघू. खून, प्रेत, फळ्या, पोलिस या घडलेल्या गोष्टींवर अविश्वास ठेवावा असं कथेत फारसं काही नाही. उलट या बाबतीत तो चिकाटीने नेमका आहे: दारातून नुसतं डोकं आत घालायला एक तास लागला, फळ्या तीन काढल्या, चार वाजले होते. न्यायनिवाड्यात तो सरळसरळ भरकटलेला आहे. आपल्या खबरदारीचा त्याला अभिमान वाटतो, खुनानंतर तो खुशीत हसतो. पण इथेही वाद नाही, कारण त्याच्या बाजूने कोण उभं राहणार? मग मधला प्रकार उरतो, अर्थ लावण्याचा. हीच सुपीक जमीन आहे. माझा अनुभव असा की चांगले दावे बहुतेक वेळा याच मधल्या जागेत सापडतात, कारण तिथे निवेदक आपल्याला कच्चा माल पुरवतो आणि त्याच्याविरुद्धचा पुरावाही स्वतःच देतो.

पोलिसांच्या प्रसंगात हे अगदी जवळून दिसतं. आवाज वाढत चालला आहे, निवेदकाला धाप लागली आहे, आणि तो म्हणतो की अधिकाऱ्यांना तो ऐकू आला नाही. ही त्याची नोंद. ते हसत होते, गप्पा मारत होते, ही पण नोंदच. आणि काही ओळींतच: नाही, नाही, त्यांना ऐकू येत होतं, त्यांना संशय आला होता, त्यांना सगळं माहीत होतं, माझ्या भीतीची ते थट्टा करत होते! हा अर्थ. नोंद आणि अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत आणि एकमेकांशी भांडत आहेत. निवेदकाची नोंद धरून त्याचा अर्थ खोडता येतो, आणि दोन्हीसाठी त्याच्याबाहेर जायची गरज पडत नाही. सुरुवातीचा पेच इथे सुटतो.

म्हणून या मुलीला मी एकच काम दिलं. वहीच्या पानाचे दोन भाग कर. डावीकडे त्याने काय ऐकलं किंवा पाहिलं ते, उजवीकडे त्याने त्याचा काय अर्थ लावला ते. मत मांडायचं नाही, फक्त उतरवायचं. कथा छोटी असल्याने बदलापूर ते कुर्ला प्रवासात हे होण्यासारखं आहे, बसायला जागा मिळाली तर.

पानावर काय दिसलं

तिच्या यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, आणि ती आम्हा दोघींच्याही अपेक्षेबाहेरची होती. हा माणूस आवाज ऐकतो, पण तो आवाज नेमका कुणाचा, या ठिकाणी सतत घसरतो.

आठव्या रात्री म्हातारा अंधारात बसून कण्हतो. निवेदकाला हा आवाज ओळखीचा वाटतो. का? कारण कित्येक मध्यरात्री तो त्याच्या स्वतःच्या छातीतून निघाला आहे. म्हाताऱ्याला काय वाटतंय हे आपल्याला ठाऊक होतं, असं तो ठामपणे सांगतो, पण ठाऊक असण्याचा आधार एकच, स्वतःचा अनुभव. म्हातारा अंथरुणात बसून ऐकत होता, जसा मी रात्रीमागून रात्री भिंतीतल्या किड्यांची टकटक ऐकत बसायचो, असंही तो म्हणतो. लाकूड पोखरणारे हे किडे टिकटिक आवाज करतात आणि तो आवाज मरणाची चाहूल समजला जाई.

लगेच पुढे येतो तो प्रसिद्ध आवाज: दबका, खोल, जलद, कापसात गुंडाळलेल्या घड्याळाचा असावा तसा. हाही आपल्याला ओळखीचा होता, तो म्हाताऱ्याच्या हृदयाचा ठोका होता, असं निवेदक छातीठोकपणे सांगतो. आता कथेचं शेवटचं पान काढा. पोलिस समोर बसलेत, आधी कानात गुणगुण, मग ‘हा आवाज माझ्या कानातला नाही’ असा शोध, आणि मग वर्णन: दबका, खोल, जलद आवाज, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा. जवळजवळ तेच शब्द. पहिल्या वेळी म्हातारा जिवंत होता, दुसऱ्या वेळी तो तुकड्यांत फळ्यांखाली आहे. दोन्ही वेळी खोलीत हजर असलेली आणि घाबरलेली छाती एकच, निवेदकाची.

आणखी एक बारीक जागा तिने पकडली, ती मला फार आवडली. ठोके शेजाऱ्याला ऐकू जातील या भीतीने निवेदक म्हाताऱ्यावर झडप घालतो, आणि ती झडप घालताना स्वतःच मोठ्याने आरोळी ठोकतो. म्हातारा एकदा किंचाळतो. पोलिस येतात ते शेजाऱ्याने ऐकलेल्या किंकाळीमुळे. निवेदक त्यांना सांगतो, ती किंकाळी माझीच, स्वप्नात निघालेली. तो खोटं बोलतोय असं त्याला स्वतःला वाटतं. पण शेजाऱ्याने नेमकं कुणाला ऐकलं? कदाचित त्यालाच. थाप मारताना तो अर्धं खरं बोलून गेला असेल, आणि त्याला पत्ताही नाही.

इतकं जमल्यावर दावा लिहायला वेळ लागला नाही. तिसरा मसुदा असा आला: ‘निवेदकाला ऐकू येणारे ठोके म्हाताऱ्याचे नसून त्याच्या स्वतःच्याच हृदयाचे आहेत.’

आता हा खरोखर दावा आहे. ‘नाही’ म्हणणारे भेटतात आणि त्यांच्याकडे ओळी आहेत. पण तो जसाच्या तसा टिकत नाही. खून करताना निवेदक म्हाताऱ्यावर जड पलंग ओढतो, ठोके बरीच मिनिटं चालू राहतात आणि मग थांबतात. ठोके त्याचे स्वतःचे असतील तर म्हातारा मेल्यावर ते थांबले कसे? शिवाय भिंतीतल्या किड्यांचा उल्लेख कथेतच असल्याने, सगळा आवाज त्या किड्यांचाच होता असंही वाचन समीक्षेत झालेलं आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घड्याळाची टिकटिक किड्याला हृदयापेक्षा जास्त शोभते.

अशा वेळी विद्यार्थी दोनपैकी एक करतात. नडणारी ओळ निबंधात घेतच नाहीत, किंवा ‘इथे निवेदक खोटं बोलतोय’ असं म्हणून मोकळे होतात. दुसरं जास्त घातक आहे. आपल्याला सोयीचं तिथे तो खरा आणि गैरसोयीचं तिथे खोटा, असं एकदा केलं की परीक्षकाचा तुमच्यावरचा भरवसा उडतो. खरं कधी धरायचं आणि खोटं कधी, याचा नियम आधी सांगावा लागतो आणि तो स्वतःच्या विरोधातही पाळावा लागतो. आमचा नियम ठरला होता: नोंद धरायची, अर्थ तपासायचा. ठोके थांबले, ही नोंद आहे. ती धरावीच लागेल.

मग करायचं काय? दावा थोडा लहान करायचा. ठोके कुणाचे होते हे कथेला ठरवायचंच नाहीये, आपण कशाला ठरवायचं? ते म्हाताऱ्याचे असोत, निवेदकाचे असोत, किड्यांचे असोत; निवेदकाला फरक करता येत नाही आणि तरी तो दर वेळी खात्रीने मालक ठरवतो, हे मात्र तिन्ही वाचनांत खरं राहतं. गंमत म्हणजे नडणारा परिच्छेदच आता मदतीला येतो. ठोके थांबल्यावर निवेदक प्रेताच्या छातीवर हात ठेवतो आणि बराच वेळ ठेवून बघतो. सगळ्या कथेत, ऐकलेल्याची हाताने खातरजमा केलेली ही एकच जागा आहे, आणि तिथे तो बरोबर ठरतो. पोलिसांच्या प्रसंगात अशी खातरजमा नाही, फक्त कान आहेत.

चौथा मसुदा, थोडा मी हात लावलेला:

‘पोच्या कथेतला निवेदक काय घडलं हे सांगताना फारसा चुकत नाही; तो चुकतो ऐकलेला आवाज आणि त्यातली भीती नेमकी कुणाची हे ठरवताना. म्हाताऱ्याच्या कण्हण्यापासून फळ्यांखालच्या ठोक्यांपर्यंत तो स्वतःची भीती दुसऱ्याच्या छातीत ऐकत राहतो, त्यामुळे शेवटची कबुली पश्चात्तापातून आलेली नसून त्याच सवयीचं शेवटचं टोक आहे.’

दोन वाक्यं झाली, आणि तशी ती असू द्यावीत. एकाच वाक्यात दावा कोंबायचा हट्ट करून लोक असलं लांबलचक विधान तयार करतात की कर्ता क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर वाचक दमतो.

उलट बाजू लिहून बघणं

दावा तयार झाला की त्याच्या विरुद्ध दावा तितक्याच मन लावून लिहायचा. इथे तो असा होईल: ‘निवेदक कितीही नाकारो, त्याचं मन त्याला खात असतं, फळ्यांखालचे ठोके ही त्याची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि तीच त्याच्याकडून कबुली वदवून घेते.’ वर्गात बहुतेक जण कथा अशीच वाचतात, आणि त्यांच्याकडे पुरावा कमी नाही. म्हाताऱ्यावर प्रेम होतं, असं तो आपणहून सांगतो. पोलिसांना संशय आलेला नसतानाही तो बोलून जातो. यापेक्षा काहीही परवडलं, असं त्याला त्या यातनेत वाटतं. ठोके नेमके प्रेताच्या जागेवर बसल्यावर वाढतात.

हे सगळं तुमच्या निबंधात यायला हवं, आणि शेवटच्या परिच्छेदात तोंडी लावण्यापुरतं नाही. मी तर म्हणेन की कबुलीचा प्रसंग हातात घेताच विरोधकाला आधी बोलू द्यावं. मग विचारावं: पश्चात्ताप असेल तर तो कुणाबद्दल आहे? शेवटच्या ओरडण्यात म्हाताऱ्याबद्दल हळहळीचा एक शब्द नाही. आहे तो पोलिसांवर आरोप. बदमाशांनो, सोंग पुरे करा, असं तो त्यांना म्हणतो. सोंग कोण करत होतं? कथेच्या सुरुवातीला, आपण किती सावधपणे, किती सोंग वठवत कामाला लागलो याची बढाई त्याने स्वतःच मारलेली आहे. खुनाआधीचा आठवडाभर आपण म्हाताऱ्याशी कधी नव्हे इतकं गोड वागलो, असंही तो सांगतो. म्हणजे कबुलीच्या क्षणीही त्याचं जे आहे ते तो समोरच्याच्या अंगावर टाकतो आहे. कण्हणं, ठोके आणि आता सोंग. चौथ्या मसुद्याचा उत्तरार्ध याच एका शब्दाच्या दोन जागांवर उभा आहे.

विरोधक यावर गप्प बसेल असं नाही. तो म्हणेल, दुसऱ्यावर ढकलणं हाच तर खात असलेल्या मनाचा रोख असतो. बरोबर आहे, आणि इथे निबंध लिहिणाऱ्याने हटून बसू नये. मन खात असेलही. पण तसं म्हणायला कथेबाहेरून मनाबद्दलचा एक समज आणावा लागतो, तर आवाजाचा मालक चुकवण्याचा नमुना कथेच्या शब्दांत तीनदा-चारदा उघड दिसतो. दोन वाचनांपैकी कुठलं कमी उसनवारीवर चालतं, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मोकळेपणाने तसाच लिहिलेला परीक्षकाला आवडतो.

मांडणीचं फार सांगत नाही, कारण दावा नीट असला की ती त्याच्यातूनच निघते. वरच्या दाव्यात क्रमच दिलेला आहे: घडलेल्या गोष्टी सांगण्यातला नेमकेपणा, मग कण्हणं, मग घड्याळाचा आवाज दोन्ही वेळा, मग कबुली. दाव्यातल्या एखाद्या शब्दासाठी निबंधात परिच्छेद सापडत नसेल तर तो शब्द काढावा, आणि एखाद्या परिच्छेदाला दाव्यात शब्द सापडत नसेल तर परिच्छेद. तिच्या निबंधात गिधाडाच्या डोळ्यावर दीड पान होतं, चांगलं लिहिलेलं. आवाजाच्या दाव्यात डोळ्याला जागा नव्हती. तिने ते काढायला खळखळ केली. मग एक मधला मार्ग निघाला: डोळा मिटलेला असताना सात रात्री काहीच घडत नाही, आठव्या रात्री तो उघडा दिसतो पण झडप घालायला लावतो तो आवाजच, एवढी तीन वाक्यं ठेवली आणि बाकीचं पान दुसऱ्या निबंधासाठी बाजूला काढलं.